दगडू नावाचा नातू

आजीने ठेवलेलं टोपणनाव आणि कॉलेजात खरं नाव लावू पाहणारा नातू, या विषयावरच्या कथेत आजीच्या हट्टाला सबळ कारण लागतं; नुसता लाड पुरत नाही. महाराष्ट्रात ते जुन्या चालीत सापडतं. आधीची मुलं दगावली की पुढच्याला नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी हलकी नावं ठेवत. कोंड्याच्या मोबदल्यात मूल दुसऱ्याला दिल्यासारखं करून परत घेतलं, तर तो कोंडिबा.

समजा, बारशात आत्याने ‘समीर’ ठेवलं. आजी मात्र ‘दगडू’च म्हणते. शाळेच्या दाखल्यावर समीर असेल, तर कॉलेजात कागदांची अडचण नसते. अडचण गावच्या मित्राची, तो वर्गात ‘दगड्या’ हाक मारतो. दाखल्यावरच दगडू असेल, तर मात्र नावबदल राजपत्रात छापून आणावा लागतो.

नातवाला लाज वाटते; आजीला वाटतं, नाव टाकलं की राखण गेली. तिला अडाणी ठरवणारी कथा इथेच फसते. म्हणून ती फक्त विचारते, “घरात तरी दगडूच ना रे?” तो हो म्हणतो आणि कॉलेजच्या अर्जावर समीर लिहितो.