टीएलसीच्या फोटोतून ॲस्पिरिनची पारख

ॲस्पिरिन तयार होते सॅलिसिलिक आम्लापासून. प्रक्रिया अपुरी राहिली, किंवा तयार ॲस्पिरिनला पुढे ओल लागली, तर त्यात सॅलिसिलिक आम्ल सापडते. दोन्ही पदार्थ पांढरे आणि स्फटिकरूप, त्यामुळे नुसत्या नजरेने काहीच कळत नाही. थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच टीएलसी, हे दोन्ही पदार्थ वेगळे करून दाखवते.

टीएलसीची प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा काचेवर बसवलेला सिलिका जेलचा पातळ थर. तळापासून सुमारे एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने आधाररेषा आखतात. शाई द्रावकाबरोबर वर पसरते, म्हणून पेन चालत नाही. बारीक काचनळीने या रेषेवर तीन ठिपके देतात: डावीकडे शुद्ध सॅलिसिलिक आम्ल, उजवीकडे तपासायचा नमुना आणि मध्ये एकाच जागी दोन्ही. मग प्लेट झाकणाच्या बरणीत उभी करतात. बरणीत हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटचे मिश्रण असते व त्यात थोडे ॲसिटिक आम्ल घातलेले असते. त्याची पातळी आधाररेषेच्या खालीच राहायला हवी, नाहीतर ठिपके बरणीतच विरघळतात.

द्रावक थरातून वर चढतो आणि पदार्थांना सोबत नेतो. सिलिकाला जो पदार्थ घट्ट धरून राहतो तो मागे पडतो. सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूत दोन आम्लधर्मी गट शेजारी असून ते एकमेकांतच गुंततात. सिलिकावरची त्याची पकड त्यामुळे सैल पडते आणि अशा द्रावकात ते ॲस्पिरिनच्या थोडे पुढे जाते. प्लेट बाहेर काढताच द्रावक जिथवर पोचला तिथे पेन्सिलीची रेघ मारावी लागते. द्रावक पाहता पाहता उडून जातो आणि ही रेघ राहून गेली, तर कितीही चांगल्या फोटोतून पुढचे गणित करता येत नाही.

२५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चमकद्रव्य मिसळलेली प्लेट हिरवट उजळते आणि हे पदार्थ तिच्यावर गडद दिसतात. फोटो प्लेटच्या अगदी समोरून घ्यावा. कॅमेरा कलता असेल तर जवळची बाजू ताणलेली आणि दूरची आखडलेली दिसते, आणि मापे चुकतात. फिकट ठिपका कॅमेऱ्यात हरवूही शकतो, म्हणून दिव्याखालीच प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिल फिरवून ठेवणे उत्तम. दिव्याकडे थेट पाहू नये आणि संरक्षक चष्मा लावावा.

आता गणित:

Rf = ठिपक्याने कापलेले अंतर ÷ द्रावकाने कापलेले अंतर

दोन्ही अंतरे आधाररेषेपासून मोजतात आणि ठिपक्याचा मध्य धरतात. हे गुणोत्तर असल्याने फोटोचा आकार लहानमोठा असला तरी बिघडत नाही, पिक्सेलमध्येही मोजता येते. फोटोत पिक्सेल वरून खाली मोजले जातात हे मात्र ध्यानात ठेवावे. समजा, आधाररेषा १४६० वर आणि द्रावकाची रेघ २६० वर आहे. द्रावक १२०० पिक्सेल चढला. डावीकडचे सॅलिसिलिक आम्ल ८०० वर आहे, म्हणजे ते ६६० पिक्सेल गेले आणि Rf आला ०.५५. नमुन्याचा मुख्य ठिपका ९२० वर, म्हणजे ५४० पिक्सेल आणि Rf ०.४५. पण नमुन्याच्याच ओळीत ८०० जवळ एक फिकट ठिपकाही आहे. मधल्या ओळीत त्याच उंचीवर एकच सलग ठिपका दिसतो, म्हणून नमुन्यात सॅलिसिलिक आम्ल उरले असण्याची दाट शक्यता आहे. ०.४५ आणि ०.४६ यांतला फरक मोजण्याच्या चुकीत जमा होतो. दुसऱ्या दिवशीच्या प्लेटवरचा आकडाही जसाच्या तसा मिळत नाही. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच प्लेटवरच्या शेजारच्या ठिपक्यावर भरवसा ठेवावा.

समजा, तोच नमुना पुन्हा स्फटिकीकरण करून तपासला आणि फक्त ०.४५ चा ठिपका उरला. तरी त्यावरून शुद्धतेची खात्री देणे घाईचे ठरते. दोन पदार्थ एकाच उंचीला येऊ शकतात. उरलेले ॲसिटिक आम्ल या दिव्याखाली दिसतच नाही, आणि क्षार आधाररेषेवरच पडून राहतात. फिकट ठिपक्यावरून टक्केवारीही काढता येत नाही, कारण प्रत्येक पदार्थ अतिनील प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतो. नमुना फार पातळ घेतला तर थोडी अशुद्धी दिसत नाही आणि फार दाट घेतला तर ठिपक्याला शेपूट फुटून शेजारचा ठिपका तिच्यात दडतो. म्हणून एकाच प्लेटवर एक पातळ आणि एक दाट ठिपका देतात, आणि दुसऱ्या द्रावक-मिश्रणात प्लेट पुन्हा चालवतात.

ॲस्पिरिनच्या बाबतीत आणखी एक सोपी साथ मिळते. फेरिक क्लोराइडच्या थेंबाने सॅलिसिलिक आम्ल जांभळे होते, शुद्ध ॲस्पिरिन होत नाही. प्लेटवर एकच ठिपका, दोन्ही द्रावकांत तोच निकाल आणि जांभळ्या रंगाचा मागमूस नाही, एवढे जमल्यावर नमुन्यात सॅलिसिलिक आम्ल दिसण्याइतके उरलेले नाही असे म्हणता येते. इतर अशुद्धींसाठी वितळणांक आणि इतर चाचण्या कराव्याच लागतात.