लग्नघरातली मुलांची सतरंजी

आमच्या बचत गटाला आता लग्नसराईत एक वेगळंच काम मिळू लागलंय. मंगल कार्यालयाच्या एका कोपऱ्यात सतरंज्या टाकून आम्ही पाहुण्यांची मुलं सांभाळतो. त्याबद्दल आज थोडं सांगतो.

आधी जागा. आचाऱ्याच्या चुली, जनरेटर, जिना आणि गाड्यांचं फाटक यांपासून लांब, पण संडास-बाथरूम जवळ असलेली खोली आम्ही मागून घेतो. तिला येण्याजाण्याचं दार एकच हवं. त्या दाराशी एक बाई वही घेऊन बसते, ती जेवायलासुद्धा दुसरी आल्याशिवाय उठत नाही. आत सात-आठ मुलांमागे एक बाई. तीन वर्षांच्या आतलं मूल आम्ही एकटं ठेवून घेत नाही, त्याच्याबरोबर आजी किंवा मावशी बसली तरच.

सामान निवडताना दोन गोष्टी बघायच्या: मुलांचे कपडे आणि लहानग्यांची तोंडं. लग्नात मुलं जरीच्या परकर-पोलक्यात नाहीतर नव्या कुर्त्यात असतात. म्हणून पाण्याचे रंग, स्केचपेन, डिंक काही नको. तेलखडू चालतात. आणि पाण्याच्या बाटलीच्या बुचाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू धाकट्यांच्या सतरंजीवर येऊ द्यायची नाही, ती घशात अडकू शकते. मणी, चिंचोके, सागरगोटे, फुटलेल्या फुग्याचे तुकडे, सगळं त्यात आलं. चौकाबारा आम्ही ठेवतो, पण मोठ्यांसाठी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात.

आता खरी अडचण. तीन वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकाच खोलीत. सुरुवातीला आम्ही प्रत्येक वयाला वेगळा खेळ दिला. मोठी कंटाळली, मग धाकट्यांना चिडवू लागली. त्यानंतर आम्ही सगळ्यांना मिळून एकच काम दिलं, नवरा-नवरीच्या गाडीला बांधायचं तोरण. गेल्या मे महिन्यात एका लग्नात सतरा मुलं होती. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा, आम्ही साडेअकराला बसलो. सगळ्यांत धाकट्यांनी आंब्याच्या पानावर पातळ कागद ठेवून वरून आडवा तेलखडू फिरवला. पान शिरांचा उठाव असलेल्या बाजूने वर ठेवायचं, म्हणजे कागदावर शिरा उमटतात. मुलं ‘पान आलं, पान आलं’ म्हणून बघत बसतात. सहा-सात वर्षांच्यांनी जुन्या पत्रिकांचे पंखे दुमडले. मोठ्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने पानं कापली, पंचिंग मशीनने भोकं पाडली आणि सुतळीत ओवली. पाऊण तासात दोन हात लांब तोरण झालं. कुणाचं कुणाशी भांडण झालं नाही असं नाही, कात्रीवरून झालंच. पण मंगलाष्टकांत आवाज गेला नाही.

सगळ्यांत जपायचं ते मूल परत देताना. अक्षता पडल्या की सगळे एकदम दाराशी येतात. एकदा त्या गर्दीत एक गृहस्थ आले, मुलगी ‘मामा’ म्हणून धावली, आम्ही सोडली. पाच मिनिटांनी आई आली. तिला भावाने काही सांगितलंच नव्हतं. मुलगी पंगतीत जिलेबी खाताना सापडली, पण तोवरची दहा मिनिटं त्या माउलीचा चेहरा आम्ही पाहिलाय. मामा खराच होता हे आमचं नशीब.

तेव्हापासून आम्ही एक जुनी पत्रिका हाताने वेडीवाकडी फाडतो. अर्धी आमच्या वहीत, अर्धी आईकडे. दोन्ही अर्ध्यांवर एकच नंबर, आणि तोच मुलाच्या मनगटाला सैलसर फितीने बांधलेला. नाव बाहेर दिसेल असं लिहीत नाही, नाहीतर कुणीही नावाने हाक मारून बोलावून नेईल. वहीत आईचा मोबाइल आणि मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, एवढं लिहितो. खाऊ आम्ही देतच नाही, फक्त पाणी.

फाडलेली कड कडेला जुळली तरच मूल बाहेर. यावरून एक आजोबा आमच्यावर फार चिडले, ‘माझ्याच नातवाला मला देत नाही?’ म्हणाले. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या सुनेला फोन लावला. ती हातात अर्धी पत्रिका घेऊन आली, तोपर्यंत आजोबा नातवाबरोबर बसून पंखा दुमडत होते. आता हा नियम आम्ही यजमानांकडून आधीच माइकवर सांगून घेतो. मुहूर्ताआधी एकदा आणि पंगत बसताना पुन्हा एकदा.