१-०-१ : चिठ्ठीवरचे तीन आकडे कसे वाचायचे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात. पहिला सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी काही नाही, रात्री एक. १-१-१ म्हणजे तिन्ही वेळा एकेक, ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. चार आकडे दिसले तर मध्ये संध्याकाळचीही एक वेळ वाढली आहे, असं समजायचं. काही डॉक्टर आकड्यांऐवजी अक्षरं लिहितात. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा. आकड्यांची पद्धत त्यापेक्षा सोपी आहे, कारण ती किती वेळा घ्यायचं एवढंच सांगत नाही, कोणत्या वेळी घ्यायचं तेही सांगते.

इतकं बहुतेकांना माहीत असतं. तरीही घरोघरी गोळ्या चुकीच्या पद्धतीने घेतल्या जातात, कारण हे तीन आकडे सगळी गोष्ट सांगत नाहीत. ते गोळ्यांची संख्या सांगतात. गोळी किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस, हे त्याच ओळीत आकड्यांच्या आजूबाजूला लिहिलेलं असतं. पूर्ण ओळ वाचली तरच डोस कळतो.

एक चिठ्ठी समोर ठेवून पाहू. पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. त्यांना थायरॉइडचा आणि मधुमेहाचा त्रास आहे, शिवाय सध्या जंतुसंसर्ग झाला आहे. त्यांच्या चिठ्ठीवर पाच ओळी आहेत :

थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, १-०-०, अनशापोटी, ३० दिवस
ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, १-०-०, न्याहारीआधी, ३० दिवस
मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, १-०-१, जेवणानंतर, ३० दिवस
कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, ०-१-०, जेवणानंतर, ३० दिवस
अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ६२५ मिलिग्रॅम, १-०-१, जेवताना, ५ दिवस

सकाळच्या जागी चार ओळींत ‘१’ आहे. चार गोळ्या तळहातावर घेऊन चहाबरोबर एकदम गिळून टाकणारे पुष्कळ जण आहेत. इथे तसं केलं तर पहिली गोळी बरीचशी वाया जाईल. थायरॉक्सिन रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं, म्हणून ते उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नाही. समजा, ही गोळी साडेसहाला झाली, तर चहा साडेसातला. आठ वाजता न्याहारीचं ताट समोर आलं की ग्लिमेपिराइड, कारण ती साखर उतरवणारी गोळी आहे आणि तिच्यामागोमाग पोटात अन्न जायलाच हवं. अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी न्याहारीच्या सुरुवातीला, म्हणजे पोट कमी बिघडतं. मेटफॉर्मिन खाऊन झाल्यावर, तेही मळमळ आणि जुलाब टळावेत म्हणून. चारही ओळींतली सकाळ एकच, पण तिच्यात तीन-चार वेगवेगळे क्षण आहेत.

आता चौथ्या ओळीतला आकडा पाहा. कॅल्शियम ०-१-० असं दुपारी का लिहिलं असेल? कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटातच अडकवून ठेवतात, त्यामुळे दोन्हींत निदान चार तासांचं अंतर लागतं. साडेसहाचं थायरॉक्सिन आणि दीडच्या जेवणानंतरचं कॅल्शियम, यांत ते आपोआप मिळतं. ‘दुपारची एकच गोळी आहे, विसरायला होते, म्हणून सकाळीच घेऊन टाकते,’ असं या बाईंनी ठरवलं, तर गोळ्या तेवढ्याच पोटात जातील, पण थायरॉइडची तपासणी बिघडलेली येईल आणि कारण कुणाच्या लक्षात येणार नाही.

म्हणूनच शून्य ही मोकळी सोडलेली जागा नाही, तीही डॉक्टरांची सूचनाच आहे. १-०-१ मधलं शून्य सांगतं, की सकाळच्या गोळीचा परिणाम रात्रीपर्यंत पुरतो. दोन गोळ्यांत साधारण बारा तास राहू द्या. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दोनदा द्यायचं असेल, तर बहुधा १-१-० असं लिहितात, कारण दुसरी गोळी रात्री घेतली तर माणूस रात्रभर उठत राहील. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड बहुधा सकाळच्या जागी असतं, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच सर्वांत जास्त बनवतं आणि रात्री घेतलेल्या गोळीने झोप उडते. आकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि उपास धरणाऱ्यांनी तर हे विचारायलाच हवं. कारखान्यातून सकाळी सातला येऊन झोपणाऱ्या माणसाची ‘रात्र’ कोणती, हे चिठ्ठी सांगत नाही. आपलं खाण्या-झोपण्याचं वेळापत्रक डॉक्टरांना सांगावं लागतं. आणि आपल्या उदाहरणातल्या बाईंनी एकादशीला न्याहारी सोडून ग्लिमेपिराइड मात्र घेतलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखर किंवा गूळ द्यायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आदल्या भेटीतच ठरवून घ्यावं.

तीन आकड्यांचा आणखी एक चांगला उपयोग आहे, तो म्हणजे हिशेब. तिन्हींची बेरीज करा आणि दिवसांनी गुणा. मेटफॉर्मिन १-०-१, म्हणजे दिवसाला दोन. तीस दिवसांच्या साठ गोळ्या. पंधराच्या पट्ट्या असतील तर चार मिळायला हव्यात. दोनच मिळाल्या, तर औषध पंधरा दिवसांत संपेल, हे दुकानातच कळतं. अँटिबायोटिक दिवसाला दोन, पाच दिवस, म्हणजे दहा गोळ्या. ती सोमवारी सकाळी सुरू केली, तर शुक्रवारी रात्री शेवटची गोळी संपली पाहिजे. शुक्रवारी रात्रीनंतर दोन उरल्या, तर दोन वेळा चुकल्या. गुरुवारी सकाळीच पट्टी रिकामी झाली, तर कुणीतरी १-०-१ ऐवजी १-१-१ वाचलं आहे. हा ताळा घरातलं कुणीही मांडू शकतं, त्यासाठी औषधाचं नाव वाचता येण्याचीही गरज नाही. थायरॉक्सिन बऱ्याचदा बाटलीत मिळतं, तिथे गोळ्या महिन्याच्या हिशेबापेक्षा जास्त असतात. बाटली संपेपर्यंत घ्यायचं, असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवर असते, ती पाळायची.

हिशेब बरोबर येऊनही डोस चुकू शकतो, कारण आकडे गोळ्या मोजतात, मिलिग्रॅम नाही. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम लिहिलं आणि दुकानातून २ मिलिग्रॅमची पट्टी आली, तर तेच १-०-० दुप्पट औषध देईल. ‘हीच घ्या, अर्धी करून खा,’ असं सांगितलं गेलं, तर ते पट्टीवर ठळक लिहून घ्या, कारण दोन दिवसांनी ते लक्षात राहात नाही. शिवाय प्रत्येक गोळी मोडता येत नाही. नावापुढे एस.आर., ई.आर., सी.आर. अशी अक्षरं असलेल्या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. अशी गोळी मोडली किंवा कुटली, तर तिच्यातलं औषध एकदम बाहेर येऊ शकतं. चिठ्ठीवरच अर्धी गोळी लिहिलेली असेल, तर तो अपूर्णांक घाईच्या अक्षरांत ‘एक’ आणि ‘दोन’ असा वाचला जाण्याची भीती असते. तिथे ‘अर्धी’ असं अक्षरी लिहून द्यायला सांगा. इन्सुलिनपुढे १६-०-१० असे आकडे असतात. ते गोळ्यांचे किंवा मिलिलिटरचे नसून युनिटचे आहेत, आणि ते इन्सुलिनच्या शक्तीशी जुळणाऱ्या सिरिंजवरच मोजायचे असतात.

सगळ्यांत घातक चूक मात्र ज्या औषधांना ही त्रिसूत्री लागूच पडत नाही, तिथे होते. संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं असतं. त्याच्यापुढे नुसतं १-०-० दिसलं आणि ‘दर सोमवारी’ हे शब्द सुटले किंवा वाचले गेले नाहीत, तर रुग्ण ते रोज घेऊ लागतो. त्यातून रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं आणि असे रुग्ण दगावलेलेही आहेत. हे औषध चालू असताना तोंडात फोड येऊ लागले, ताप आला किंवा अंगावर निळसर डाग उठले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळीही बहुधा आठवड्यातून एकदाच असते. एस.ओ.एस. लिहिलेलं औषध त्रास असेल तेव्हाच घ्यायचं. ते दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा चालेल आणि दोन गोळ्यांत किती तास हवेत, हे विचारून ठेवायचं.

म्हणून औषधांचे पैसे देण्याआधी काउंटरवरच एकेक ओळ वाचून घ्या. पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतं का, गोळी रोज की आठवड्यातून एकदा, खाण्याआधी की नंतर, आणि दिवसांच्या हिशेबाने गोळ्या बरोबर आहेत का, एवढंच पाहायचं आहे. सांगितलेलं पट्टीवर मराठीत लिहून घ्या : ‘सकाळी न्याहारीआधी १’, ‘रात्री जेवणानंतर १’. पट्टी कापून दिली असेल, तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. एखादा आकडा केमिस्टलाही लागत नसेल, तर त्याला अंदाज बांधू देऊ नका. चिठ्ठीवर दवाखान्याचा फोन असतो, तो तिथूनच लावायला सांगा.