पाचव्या मात्रेला चुकणारा पाय

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या वर्गाच्या दारावर पाटी लागते : कथकची नवी तुकडी सुरू होत आहे. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे असतं आणि दरवर्षी माझं घोडं तिथेच अडतं. एकदा मी ‘घुंगरांच्या नादात हरवून जा’ असं लिहिलं होतं. त्या तुकडीतल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी पिशवीतून नवेकोरे, पायाला शंभर-शंभर असे घुंगरू काढले आणि ते परत आत ठेवा, असं सांगताना माझीच पंचाईत झाली. आमच्याकडे पहिले तीन-चार महिने घुंगरू बांधायचेच नसतात.

कारण साधं आहे. अख्खा तळवा एकदम जमिनीवर पडला तर एकच भरीव आवाज येतो. टाच आधी टेकली आणि चवडा मागून आला तर दोन फुटके आवाज येतात. अनवाणी पायांचा हा फरक मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरं बसूनही कळतो. घुंगरू बांधले की सगळंच छान वाजतं आणि चूक त्या छानपणात लपून बसते.

तर पहिल्या दिवशी करायचं काय? तत्कार. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे आठ बोल. तीनतालाच्या सोळा मात्रांत ते दोनदा बसतात. प्रत्येक बोलाला एक पाऊल. पहिल्या चार बोलांना उजवा, डावा, उजवा, डावा. इथपर्यंत कुणाचंच काही बिघडत नाही, कारण हे चालण्यासारखंच आहे. पाचव्या बोलाला, म्हणजे ‘आ’ला, पुन्हा डावाच पाय मारायचा असतो. तिथून डावा, उजवा, डावा, उजवा. आठव्याला उजवा येतो आणि नवव्याला परत उजवाच.

एवढ्याशा गोष्टीत नव्या माणसाचे दोन-तीन आठवडे जातात. जन्मभर एकाआड एक पाय टाकलेल्या शरीराला डाव्यानंतर उजवा उचलायचाच असतो. त्याला थांबवून, नुकताच टेकलेला पाय परत उचलायला सांगायचं, हे कथकमधलं पहिलं शिक्षण. ते डोक्याला एका मिनिटात समजतं, पायाला मात्र वेळ लागतो.

गेल्या तुकडीत बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, वय अडतीस. हिशेबाला पक्क्या, पण पाचव्या मात्रेला हमखास घसरायच्या. “ताई, तोंडाने बरोबर म्हणते हो, पाय ऐकत नाही,” त्या म्हणायच्या. मी नीट लक्ष दिलं तेव्हा दिसलं की त्या तोंडानेही बरोबर म्हणत नव्हत्या. ‘तत्’नंतर नकळत श्वास घ्यायच्या आणि ‘आ’ उशिरा यायचा. त्या फटीत शरीराचा तोल डाव्या पायावरून उजवीकडे जायला वेळच नव्हता, मग डावा उचलणार कसा? उभ्या माणसाचा भार ज्या पायावर, तो पाय उचलता येत नाही. चूक पायात दिसत होती, पण होती ती श्वासात.

मग त्यांना खुर्चीवर बसवलं. आधी नुसते बोल म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात बाजूला उघडून खाली. याला पढंत म्हणतात. लय सेकंदाला एक मात्रा, म्हणजे आवर्तन सोळा सेकंदांचं. नंतर बसल्या बसल्या पाय. चार दिवसांनी उभं राहून. बसून केलेल्या रियाजाचा आणखी एक फायदा म्हणजे खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येत नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांचा ‘आ’ जागेवर पडला. त्यांना ते कळलंही नाही. त्या पुढच्या ‘थेई’च्या काळजीत होत्या.

यानंतर सगळ्यांना घाई होते ती वेगाची. बराबरीत आवर्तनाला सोळा पावलं, दुगुणीत बत्तीस, चौगुणीत चौसष्ट. सेकंदाला चार पावलं पडायला लागली की कुणीही नर्तक झाल्यासारखं वाटतं, म्हणूनच मी चौगुणीला सहसा उशीर करते. वेग वाढला की पाय उंच उचलले जातात, खांदे उड्या मारायला लागतात, कोपरं पडतात. खरं तर वेग वाढेल तसा पाय जमिनीच्या जवळ राहायला हवा. तपासायचं असेल तर आरशात पायांकडे न बघता डोक्याकडे बघावं. डोकं खाली-वर होत असेल तर लय अजून वाढवू नये. गुडघे सरळ असतात, पण मागे ताणून कुलूप लावल्यासारखे नकोत. तळवे चुरचुरतात, ते पहिल्या आठवड्यात चालतं. नडगीच्या पुढच्या बाजूला किंवा एकाच गुडघ्यात दुखायला लागलं की थांबायचं आणि मला सांगायचं. पायाखाली नुसतं सिमेंट किंवा टाइल असेल तर घरी दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

दुसऱ्या महिन्यात एखादी तिहाई येते. ‘तिगदा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा तुकडा घ्या. तीनदा म्हटला की नऊ मात्रा झाल्या. तो खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू करा. पहिला ‘थेई’ अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर. आधीचे दोन ‘थेई’ कुठल्याही टाळीवर पडत नाहीत, अधांतरीच राहतात. म्हणून तिसरा समेवर आला की बघणाऱ्यालाही सुटल्यासारखं वाटतं. आठव्या मात्रेलाच सुरुवात केली तर तिसरा ‘थेई’ सोळाव्यावर पडेल. तोही ऐकायला सुरेख वाटेल, पण लेहरा एका मात्रेनं मागे असेल. ही चूक सर्वांत मजेशीर, कारण नाचणारीला सोडून सगळ्या वर्गाला ती कळते.

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, परीक्षा केव्हा? गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा प्रारंभिक. साधारण वर्षभराच्या तयारीवर ती देता येते. मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो, तो दारातूनच हळू आवाजात विचारला जातो : या वयात जमेल का? माझा अनुभव असा, की मुलं पाय लवकर उचलतात आणि मोठी माणसं ताल लवकर मोजतात. बारा चक्कर एका दमात घेणं चाळिशीत सुरू करून जमेलच असं नाही. पण तीनतालात पाय आणि पढंत एकत्र ठेवणं जमतं. रंगमंचावर न जाताही ते करणारी माणसं माझ्या वर्गात आहेत.

त्या बँकेतल्या बाईंनी परवा घुंगरू बांधले. पन्नास-पन्नासचे, शंभरचे सध्या लेकीने तिच्या कपाटात ठेवलेत.

यंदाची पाटी मी अशी लिहिली आहे :

‘विजयादशमीपासून कथकची नवी तुकडी. यापूर्वी काहीही शिकलेलं नसलं तरी चालेल. वयाची अट नाही. सैलसर सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला बांधायची. पाय अनवाणी. घुंगरू आत्ताच आणू नयेत. पहिले काही दिवस पाचव्या मात्रेला पाय चुकेल. तो सगळ्यांचाच चुकतो. एक दिवस नुसतं बसून ऐकायचं असेल तरी अवश्य यावं. चटई घातलेली आहे.’