देवळाच्या वेबसाइटवर हिशेब असा ठेवा की भाविकालाही तो तपासता येईल

आमच्या गावच्या मारुती मंदिराचा क्यूआर कोड दोन वर्षं खजिनदार काकांच्या वैयक्तिक खात्याचा होता. काका प्रामाणिक, पण देणगी, किराणा आणि लाईटबिल सगळं एकाच खात्यात. शेवटी पारावर कुजबुज सुरू झाली आणि काकांनी राजीनामा दिला. त्यानंतर वेबसाइट बनवायचं काम माझ्याकडे आलं. गुगल साइट्सवर ती फुकटात एका दिवसात उभी राहते. खरं काम पुढे आहे, तेच इथे सांगतो.

१. कॅलेंडर: "दरवर्षी रिपीट" करू नका

गुगल कॅलेंडरमध्ये हनुमान जयंती टाकून मी Annually निवडलं आणि फसलो. कॅलेंडर इंग्रजी तारीख धरतं, आपला उत्सव तिथीवर असतो. चैत्र पौर्णिमा २०२४ मध्ये २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. म्हणजे रिपीट केलेला कार्यक्रम थेट ११ दिवस चुकला असता. त्यामुळे नवीन पंचांग आलं की वर्षभराचे उत्सव हातानेच टाकायचे. दर शनिवारची आरती मात्र Weekly रिपीट चालते, कारण वार बदलत नाही.

२. देणगी: हेतू आधीच विचारा

सगळ्यात आधी ट्रस्टच्या नावाचं बँक खातं आणि त्याचाच यूपीआय आयडी घ्या. मग अन्नदान, जीर्णोद्धार आणि उत्सव अशा तीन हेतूंसाठी तीन वेगळे क्यूआर बनवा. क्यूआरच्या आत असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=trust@bank&pn=Mandir%20Trust&tn=Annadan&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जाणार, `tn` म्हणजे कशासाठी. `trust@bank` च्या जागी तुमचा आयडी टाका आणि प्रत्येक क्यूआरमध्ये फक्त `tn` बदला. आधी स्वतः १ रुपया पाठवून बघा, खातं बरोबर आहे ना ते कळेल.

एक अडचण आहे. हा हेतू बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून क्यूआरखाली छोटा गुगल फॉर्म ठेवा: नाव, रक्कम, हेतू आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर. हा नंबर देणाऱ्याच्या ॲपमध्येही दिसतो आणि बँकेकडेही असतो. पुढची सगळी जुळणी त्याच्यावरच होते.

३. हिशेब: एक साधं गणित

गुगल शीटमध्ये प्रत्येक जमा-खर्चाची एक ओळ: तारीख, पावती किंवा बिल नंबर, हेतू, रक्कम. दानपेटी दोन जणांसमोर मोजायची आणि सगळी रक्कम आधी बँकेत भरायची. पेटीतूनच फुलवाल्याला पैसे दिले की जुळणी बिघडलीच समजा.

महिनाअखेर सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, हे उत्तर पासबुकाशी जुळलं पाहिजे. समजा, सुरुवातीला ४२,३०० रुपये होते, जमा ६८,९५१ आणि खर्च ५१,२००. शिल्लक यायला हवी ६०,०५१. पासबुक म्हणतं ५९,५५०. फरक ५०१ रुपयांचा. आता शीटमध्ये ५०१ ची नोंद शोधायची आणि तिचा यूटीआर स्टेटमेंटमध्ये आहे का ते पाहायचं. आमच्याकडे असंच झालं होतं. पेमेंट अडकलं होतं, पैसे आलेच नव्हते, पण स्क्रीनशॉट बघून आम्ही पावती फाडली होती. तेव्हापासून नियम एकच: पावती स्क्रीनशॉटवर नाही, खात्यात रक्कम दिसल्यावर.

४. लोकांना काय दाखवायचं?

`File > Share > Publish to web` मध्ये Entire Document न निवडता फक्त हिशेबाचा टॅब निवडा. फॉर्ममधली नावं आणि फोन नंबर वेगळ्या, न उघडणाऱ्या फाइलमध्येच राहू द्या. देणगीदाराला पावती नंबरवरून आपली नोंद सापडते, तेवढं पुरे. शिवाय प्रत्येक हेतूची शिल्लक वेगळी दाखवा. जीर्णोद्धाराचे पैसे मांडवावर खर्च झाले, तर ते तिथेच उघडं पडतं.

या पद्धतीतही एक भोक आहे. शीटमधली जुनी ओळ कोणी गुपचूप बदलली, तर पाहणाऱ्याला कळत नाही. त्यावर आम्ही दोन गोष्टी करतो. चुकलेली ओळ पुसत नाही, खाली उलट नोंद करतो. आणि दर महिन्याची पीडीएफ गावच्या ग्रुपवर टाकतो. ती एकदा शंभर फोनमध्ये गेली की मागून बदलता येत नाही.

अर्थात, ही वेबसाइट म्हणजे ऑडिट नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत ट्रस्टला ते वेगळं करावंच लागतं. पण आता ऑडिटरला पिशवीभर चिठ्ठ्या द्याव्या लागत नाहीत.

आणि हो, काका परत आलेत. पासबुकाशी जुळणी दर महिन्याला तेच करतात, मी फक्त शीट उघडून देतो.