दारावरची बेल पुटपुटते किंवा वाजतच नाही? दोष सेलमध्ये, बटणात की बेलच्या डब्यात, असं ओळखा

कुरिअरवाला बटण दाबून दाबून थकतो, 'घरी कोणी नव्हतं' असा मेसेज टाकतो आणि निघून जातो. घरातली माणसं मात्र हॉलमध्येच बसलेली असतात. बेल वाजलेलीच नसते.

बेल बिघडली की बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. एक तर सेल बदलले जातात, नाहीतर सरळ नवी बेल आणली जाते. पण बरेचदा दोष या दोन्हींत नसतो. तो असतो दाराबाहेरच्या त्या छोट्या बटणात, जे वर्षानुवर्षं ऊन, पाऊस आणि धूळ खात असतं.

बेलचं काम फार सरळ आहे. वीज सेलमधून किंवा घरातल्या लाईनमधून निघते, बटणातून जाते आणि बेलपर्यंत पोहोचते. या वाटेत वीज कुठं अडते तेवढंच शोधायचं असतं. मात्र त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा.

आधी बघा, बेल सेलवरची की लाईटवरची?

इंटरनेटवर बेल दुरुस्तीचे भरपूर व्हिडिओ आहेत. त्यातल्या अनेकांत माणूस बटण भिंतीवरून काढतो आणि त्याच्या दोन वायरी उघड्या हातानं एकमेकींना टेकवतो. बेल वाजली, म्हणजे बटण खराब. युक्ती बरोबर आहे, पण ती अमेरिकेतल्या घरांसाठी. तिथं बेलला ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत साधारण १६ ते २४ व्होल्टच पोहोचतात.

आपल्याकडची नेहमीची डिंग-डाँग बेल बहुतेक वेळा थेट २३० व्होल्टवर चालते. बाहेरच्या बटणातही तेवढाच दाब असतो. तिथं हीच युक्ती केली तर जीवावर बेतू शकतं, पावसाळ्यात भिंत ओली असताना तर आणखीच.

ओळखायचं कसं? बेलच्या डब्यात सेल बसवायची जागा आहे का ते बघा. जागा नसेल आणि वायरी थेट भिंतीत जात असतील, तर बेल लाईटवरची आहे असंच समजायचं. लाईट गेल्यावर बेल वाजत नाही, ही दुसरी खूण. पण घरात इन्व्हर्टर असेल तर या खुणेवर विसंबू नका, कारण बेल इन्व्हर्टरच्या लाईनवर असू शकते.

सेलवरची बेल: सेल फसवतात कसे?

वायरवाल्या सेलच्या बेलमध्ये समजा दीड व्होल्टचे ४ सेल आहेत. म्हणजे एकूण ६ व्होल्ट. बेलचा आवाज बसलाय म्हणून कोणी मल्टिमीटर लावतो, तो ६ च्या आसपास आकडा दाखवतो आणि 'सेल चांगले आहेत' असा निष्कर्ष निघतो. इथंच चूक होते. सेल नुसता बसून असतो तेव्हा थकलेला सेलही जवळपास पूर्ण व्होल्ट दाखवतो. काम पडलं की त्याचा दम जातो. म्हणून एकानं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी सेलवर मीटर लावायचा. आकडा ६ वरून ३-४ वर कोसळला, तर सेल संपलेत.

याच पायरीवर आणखी दोन गोष्टी बघून घ्यायच्या. चार्ज होणारे सेल टाकले असतील तर त्यांचा प्रत्येकी दाब १.२ व्होल्टच असतो. चारांचे मिळून ४.८ होतात, आणि ६ व्होल्टची बेल त्यावर नवी असतानाही मलूल वाजू शकते. दुसरं म्हणजे सेलच्या टोकांशी असलेल्या पत्र्या आणि स्प्रिंगा. तिथं पांढरी किंवा हिरवट पूड जमली असेल तर सेल पाझरलाय. सेल काढून, हाताला लागू न देता पूड पुसायची, पत्री बारीक पॉलिश पेपरनं चमकवायची आणि मग चारही सेल एकदम नवे टाकायचे. नव्या-जुन्यांची सरमिसळ केली तर जुने सेल नव्यांनाही मागं ओढतात.

बटण: एकाच जागी दोन मोजमापं

बटणाच्या आत दोन पितळी पत्त्या असतात. दाबलं की त्या टेकतात, सोडलं की स्प्रिंगमुळे वेगळ्या होतात. दर वेळी टेकताना-सुटताना बारीक ठिणगी पडते आणि पत्त्यांवर काळा थर चढतो. यालाच इलेक्ट्रिशियन 'कार्बन धरला' म्हणतात. समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या हवेनं हिरवा थर चढतो. कधी मुंग्या आत घर करतात. पत्त्या टेकलेल्या दिसतात, पण वीज पुरेशी जात नाही.

हे पकडायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बटणाच्या मागच्या दोन स्क्रूंवर लावायचा. फक्त सेलवरच्या बेलसाठी, लाईटवरच्या बेलवर हे करायचं नाही.

आधी बटण न दाबता आकडा बघा. साधारण ६ व्होल्ट आले तर चांगली बातमी आहे. सेलपासून बेलच्या कॉइलमधून बटणापर्यंत वायर कुठंही तुटलेली नाही, हे या एका आकड्यानं कळतं. शून्य आलं तर सेल संपलेत, वायर किंवा कॉइल तुटलीये, नाहीतर बटण आतल्या आत चिकटून बसलंय.

आता बटण दाबा. आकडा शून्याजवळ आला पाहिजे. चांगल्या बटणात दाबल्यावर व्होल्ट अडकत नाहीत, सगळे बेलकडे जातात.

एक उदाहरण घेऊ. बेल क्षीण वाजतेय. बटण न दाबता स्क्रूंवर ६.२ व्होल्ट आहेत. दाबल्यावर आकडा शून्यावर न जाता २.१ वर थांबला. त्याच वेळी सेलवर ५.४ व्होल्ट आहेत, म्हणजे सेलांत दम आहे. आणि बेलच्या कॉइलवर मात्र ३.२ व्होल्टच पोहोचतात. हिशेब सरळ आहे. ५.४ पैकी २.१ बटणातच अडकले, ०.१ वायरीत गेले, उरलेले ३.२ बेलला मिळाले. सेल बदलून उपयोग नाही, बेल बदलूनही नाही.

इथं बटण उघडून पत्त्यांमध्ये बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन-चार वेळा ओढायची, पूड पुसायची, पत्ती सैल पडली असेल तर हलकेच वाकवून ताण द्यायचा आणि मागचे स्क्रू घट्ट करायचे. त्यानंतर बटणावर ०.१ व्होल्ट राहिले आणि कॉइलला ४.८ मिळाले, की बेल पूर्वीसारखी खणखणीत वाजते. आता सेलवरचा आकडा ५.४ वरून ५ वर आलेला दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाट मोकळी झाल्यामुळे बेल जास्त वीज ओढतेय, एवढाच त्याचा अर्थ.

मीटर नसेल तर? सेलवरच्या बेलमध्ये बटणाच्या दोन वायरी क्षणभर टेकवून बघता येतात. बेल मोठ्यानं वाजली तर बटण दोषी, तशीच पुटपुटली तर बटण निर्दोष.

बेलचा डबा: 'डिंग' येतो, 'डाँग' येत नाही?

डिंग-डाँग बेलमध्ये कॉइल, तिच्यातून सरकणारी लोखंडी दांडी आणि दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या असतात. बटण दाबलं की कॉइल चुंबक बनते आणि दांडी एका पट्टीवर आदळते. हा 'डिंग'. बटण सोडलं की स्प्रिंग दांडीला मागं फेकते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आदळते. हा 'डाँग'.

म्हणून आवाज ऐकूनच बरंच कळतं. डिंग येतो पण डाँग येत नाही, तर दांडी परतताना धुळीत अडकतेय किंवा स्प्रिंग सैल झालीये. 'टक' असा बोथट आवाज येत असेल तर पट्टी भिंतीला किंवा झाकणाला टेकलीये. दांडी काढून कोरड्या कापडानं पुसायची आणि तिची नळी साफ करायची. तेल मात्र टाकायचं नाही. तेलावर धूळ बसते आणि काही दिवसांत दांडी आणखी घट्ट अडकते.

कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळताहेत, दांडी मोकळी आहे, तरी काहीच हालचाल नाही, तर कॉइल तुटली किंवा जळली. तेव्हाच नवी बेल घ्यायची.

लाईटवरची बेल असेल तर

तपासणीचा क्रम तोच, पण सगळं वीज बंद करून. एमसीबी पाडायचा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. टेस्टर आधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो ना ते बघायचं आणि मगच बटणाच्या दोन्ही स्क्रूंवर लावायचा. दोन्हीकडे टेस्टर पेटला नाही तरच बटणाची एक वायर सोडवून मीटर ओहमवर लावायचा. दाबल्यावर शून्याच्या आसपास आणि सोडल्यावर काहीच नाही, असं दिसलं पाहिजे. इथं काळवंडलेली पत्ती घासत बसू नका. बेलचं बटण स्वस्त मिळतं, ते बदला. टेस्टर पेटतच राहिला किंवा वायर जळकी दिसली, तर काम तिथंच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वायरलेस बेल

इथं दोन वेगळे भाग आहेत. बाहेरच्या बटणात १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल किंवा नाण्यासारखा सेल असतो. बटण काढून आतल्या डब्याजवळ आणा आणि दाबा. जवळून वाजते पण दारातून वाजत नाही, तर आधी बटणाचा सेल बदला. बटणावरचा दिवा लागतो म्हणून सेल चांगला, असं धरू नका. मिणमिणत्या दिव्याला पुरेल इतकी शक्ती सिग्नल भिंतीपार पाठवायला पुरत नाही. जवळूनही वाजत नसेल तर डब्याचे सेल किंवा सॉकेट बघा, आवाजाचं बटण कमी झालंय का बघा, मग दोघांची जोडणी पुन्हा करा.

नवे सेल एका रात्रीत संपले?

वायरवाल्या बेलमध्ये असं झालं तर बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकलंय, किंवा भिंतीतल्या वायरी एकमेकींना टेकल्यात. बेल गप्प असली तरी कॉइलमधून वीज सतत वाहते आणि सेल काही तासांत रिकामे होतात. लाईटवरच्या बेलमध्ये याच दोषानं कॉइल तापून जळते. बेलमधून सतत घुंई असा आवाज किंवा जळका वास येत असेल, तर तपासणी नंतर, आधी एमसीबी पाडा.