तकलादू, निकृष्ट की सुमार? रिव्ह्यू लिहिताना कुठला शब्द कुठे

बेळगाव : मागवलेली वस्तू बिघडली की हल्ली पहिला राग रिव्ह्यूमध्ये निघतो. ‘एकदम भंगार’, ‘फालतू माल’, ‘पैसे पाण्यात’, ‘कुणी घेऊ नका’. राग खरा असतो, पण पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नाही. वस्तू मोडली, उशिरा आली की नुसता रंग आवडला नाही, हे ‘भंगार’ या एका शब्दातून कसं समजणार? दुकानदारालाही काय सुधारायचं ते कळत नाही. ‘तापलेलं गिऱ्हाईक’ म्हणून तो विषय सोडून देतो.

हलक्या मालासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अडचण एवढीच, की ते सगळे एकाच अर्थाचे समजून वापरले जातात. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीवर बोट ठेवतो. एक शब्द मालाबद्दल बोलतो, दुसरा बांधणीबद्दल, तिसरा कारागिराच्या हाताबद्दल आणि चौथा थेट विकणाऱ्याच्या नियतीबद्दल. हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, टिळकवाडीतल्या एका कुटुंबानं मुलाच्या अभ्यासासाठी ४,५०० रुपयांचं टेबल मागवलं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘इंजिनिअर्ड वूड, १८ मिलिमीटर जाडीची फळी, एक ड्रॉवर’. टेबल सुट्या भागांत आलं आणि घरीच जोडलं. दोन्ही बाजूंना पायांच्या जागी उभ्या फळ्या. तीन महिन्यांत ते डुगडुगायला लागलं, एक स्क्रू नुसता फिरत राहिला, कडेची चिकटपट्टी सुटली आणि उभ्या फळ्या खालून फुगल्या. ड्रॉवर पहिल्यापासूनच अडखळत होता. आता यातल्या कशाला काय म्हणायचं?

तकलादू म्हणजे न टिकणारं

डुगडुगणाऱ्या टेबलाला ‘तकलादू’ हा शब्द बसतो. दिसायला ठीक, पण वापराचा भार न सोसणारं, ते तकलादू. हा आरोप बांधणीवर आणि टिकाऊपणावर आहे, त्यामुळे सोबत काळ आणि वापर सांगावाच लागतो. ‘तकलादू आहे’ यापेक्षा ‘वर फक्त वह्या-पुस्तकं आणि एक दिवा होता, तरी तीन महिन्यांत हलायला लागलं’ हे वाक्य कितीतरी जास्त सांगतं. वस्तू पेटीतून काढल्याबरोबर तिला तकलादू म्हणणं हा फक्त अंदाज असतो. तेव्हा ‘हाताला कमकुवत लागते’ इतकंच लिहिणं योग्य.

हा शब्द वापरण्याआधी दोष टेबलाचाच आहे ना, हे बघायला हवं. जुन्या घरांतली शहाबादी फरशी अनेकदा सपाट नसते. टेबल दुसऱ्या खोलीत सपाट जागी ठेवून बघा. तिथं ते स्थिर राहिलं तर दोष फरशीचा. जाईल तिथं तोच कोपरा उचलला जात असेल, तर दोष टेबलाचा किंवा जोडणीचा. जोडताना एकेक स्क्रू पूर्ण आवळत गेलं तर सांगाडा तिरका बसू शकतो. म्हणून सगळे स्क्रू सैल करून, टेबल सपाट जागी उभं करून पुन्हा आवळावेत. एवढं करूनही ते हलत असेल, तर ‘तकलादू’ म्हणायला हरकत नाही.

निकृष्ट म्हणजे मालच खालच्या प्रतीचा

‘निकृष्ट’ आणि ‘हिणकस’ हे शब्द कच्च्या मालाबद्दल आहेत. हिणकस हा तर सराफकट्ट्यावरचा शब्द. सोन्यात मिसळलेला हलका धातू म्हणजे हीण, आणि असं हीण असलेलं सोनं हिणकस. म्हणजे हे शब्द वापरणारा ‘यातला पदार्थच कमी प्रतीचा आहे’ असं म्हणत असतो.

इथं स्वस्त आणि निकृष्ट यांतला फरक सांभाळावा लागतो. ‘इंजिनिअर्ड वूड’ या नावाखाली प्लायवूडही येतं आणि पार्टिकल बोर्डही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि भुसा चिकटद्रव्यात कालवून दाबलेली फळी. ती सागवानासारखी टिकत नाही, पाण्यानं फुगते, आणि स्क्रूचे आटे एकदा सुटले की तिथं स्क्रू पुन्हा नीट धरत नाही. पण साडेचार हजारांत बहुधा तीच मिळणार. ती सागवान नाही म्हणून तिला निकृष्ट म्हणणं अन्यायाचं होईल.

मोजता येतं ते मात्र मोजावं. फळी फुगली नसेल अशा जागी पट्टी लावली आणि जाडी १८ ऐवजी १५ मिलिमीटर भरली, तर ‘निकृष्ट’ शब्दाची गरजच उरत नाही. ‘जाहिरातीत १८, प्रत्यक्षात १५’ हे चार शब्द पुरे. पट्टी लावलेला फोटो जोडला की वादालाही जागा राहत नाही.

फुगलेल्या फळीचंही तसंच. फुगवटा फक्त जमिनीलगत असेल, तर तो बहुतेक फरशी पुसतानाच्या पाण्याचा. पण खालची कड पट्टी न लावता उघडीच ठेवली असेल, तर पाणी आत जायला वाट कारखान्यानंच ठेवली. न्यायानं लिहायचं तर दोन्ही बाजू सांगाव्यात : ‘फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते, फळीची खालची कड उघडी आहे.’

थातूरमातूर म्हणजे हात राखून केलेलं काम

माल बरा असूनही काम वाईट असू शकतं. सुटलेली चिकटपट्टी, तिरकी पाडलेली भोकं, कडेला राहिलेले ओरखडे ही ‘थातूरमातूर’ कामाची लक्षणं. ‘उरकून टाकलेलं’ हाही त्याच घराण्यातला शब्द. ‘कामचलाऊ’ मात्र वेगळा. तात्पुरती गरज भागवणारं ते कामचलाऊ, आणि कधीकधी तीच अपेक्षा असते. भाड्याच्या खोलीत वर्षभर राहणाऱ्या विद्यार्थ्याला कामचलाऊ टेबल चालतं. त्याच्यासाठी हा शब्द निंदा नसून उपयोगाची माहिती आहे.

कामाला नावं ठेवताना काम कुणाचं हेही तपासावं. टेबल घरी जोडलं असेल आणि स्क्रू ड्रिल मशीननं आवळले असतील, तर आटे त्यातच सुटलेले असू शकतात. तो फिरणारा स्क्रू कारखान्याच्या खात्यावर टाकता येत नाही. निदान ‘जोडणी आम्हीच मशीननं केली’ एवढं लिहावं.

सुमार म्हणजे वाईट नव्हे

सगळ्यात जास्त चुकीचा वापर होतो तो ‘सुमार’चा. अनेक जण ‘अगदी वाईट’ या अर्थानं तो लिहितात. खरं तर सुमार म्हणजे बेताचं, जेमतेम. काम होतं, पण कौतुक करावं असं काही नाही. अडखळत का होईना, ड्रॉवर उघडतो आणि बंद होतो. तो सुमार आहे, बिघडलेला नाही. पाचपैकी एक तारा बिघडलेल्या वस्तूला द्यायचा असेल, तर सुमार वस्तूला दोन-तीन द्यावे लागतात. ‘सुमार’ लिहून एक तारा दिला तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

सीमेपलीकडं अर्थ हलतो

आपला रिव्ह्यू इंदूर, वडोदरा, हैदराबादचा मराठी माणूसही वाचतो, आणि तिथल्या भाषांची सावली त्याच्या मराठीवर असते. वडोद्यात अडचण नाही, कारण गुजरातीतला ‘तकलादी’ आपल्या तकलादूचाच अर्थ सांगतो. इंदूर-ग्वाल्हेरकडं निकृष्ट मालाला सहज ‘घटिया’ म्हटलं जातं. बेळगावात कन्नड वर्तमानपत्रांतला ‘कळपे’ ओळखीचा आहे; मराठी बातमीत ‘निकृष्ट रस्ता’ येतो, तिथं कन्नडमध्ये हा शब्द असतो.

सांभाळायचा शब्द आहे ‘हलकं’. मराठीत त्याचा अर्थ वजनाला कमी असाही होतो आणि दर्जाला कमी असाही. ‘खुर्ची हलकी आहे’ ही तारीफ की तक्रार? प्रवासी बॅगेला हलकी म्हटलं तर ती विकली जाईल, टेबलाला म्हटलं तर जाणार नाही. म्हणून ‘वजनाला हलकं’ किंवा ‘हलक्या प्रतीचं’ असं पूर्ण लिहावं.

हे शब्द पुराव्याशिवाय नकोत

‘बनावट’, ‘बोगस’, ‘भेसळ’, ‘फसवणूक’, ‘लुबाडणूक’ हे शब्द दर्जा सांगत नाहीत. समोरच्यानं जाणूनबुजून खोटेपणा केला, असं ते सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हा फरक आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांतली उणीव म्हणजे ‘दोष’; खोटा दावा करून अस्सल म्हणून विकलेला बनावट माल ही त्यात वेगळी गोष्ट आहे. दोष डोळ्यांनी दाखवता येतो, नियत दाखवता येत नाही. पुराव्याशिवाय असा आरोप जाहीरपणे केला तर बदनामीची तक्रार होऊ शकते. फळी तीन मिलिमीटर कमी भरली, हे लिहिण्यात धोका नाही. ‘दुकानदार चोर आहे’ यात आहे. फसवलंच गेलं अशी खात्री असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिलासह तक्रार करता येते.

‘भिकार’, ‘रद्दी’, ‘गचाळ’ यांत कायद्याची भीती कमी, पण माहितीही शून्य.

मग रिव्ह्यू कसा दिसेल?

‘एकदम भंगार, फसवणूक, घेऊ नका’ याच्या जागी त्या कुटुंबाला असं लिहिता येईल :

‘४,५०० रुपयांना घेतलं, तीन महिने वापरलं. वर फक्त पुस्तकं आणि दिवा. रंग आणि आकार फोटोप्रमाणे, पोचलंही वेळेत. पण बांधणी तकलादू आहे. सपाट जागी ठेवून, स्क्रू पुन्हा आवळूनही हलतं. जाहिरातीत फळी १८ मिलिमीटर, मोजली तर १५ भरली, फोटो जोडला आहे. कडेची पट्टी थातूरमातूर चिकटवलेली, ती सुटली. खालची कड उघडी असल्यानं फरशी पुसतानाच्या पाण्यानं फळी फुगली. ड्रॉवर सुमार, अडखळतो पण चालतो. एक स्क्रू धरत नाही, मात्र जोडणी आम्ही मशीननं केली होती. एखाद्या वर्षासाठी, कोरड्या खोलीत चालेल. शाळेची सगळी वर्षं टिकेल या आशेनं घेऊ नये. दुकानाला कळवलं आहे.’

यात राग कुठं लिहिलेला नाही, तरी दुकानदाराला हा मजकूर ‘भंगार’पेक्षा जास्त बोचेल, कारण यातलं एकही वाक्य त्याला खोडता येत नाही. दुकानानं पुढं फळी बदलून दिली, तर त्याच रिव्ह्यूखाली तारीख टाकून ‘फळी बदलून मिळाली’ ही ओळ वाढवावी आणि तारेही तेवढे वाढवावेत. बदलून दिली नाही, तर तेही तारखेसह लिहावं.